सोळा आंब्यांचा हिशेब आणि पंधरा हजारांची मागणी

वाचक विचारतात

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला पाच डझनांची पेटी पाठवली. आंब्याचे 3,600 रुपये आणि गाडीभाडं 300. पाच दिवसांनी त्यांचा मेसेज आला की 16 फळं खराब निघाली. पाच फोटो पाठवले, त्यांत नऊ कापलेली फळं दिसतात, आतून पांढरट. घरी बारसं होतं, म्हणून त्यांनी तिथल्या बाजारातून दीड डझन आंबे 1,440 रुपयांना आणले, त्याची पावतीही पाठवली. मी पैसे परत देते म्हटलं, तर म्हणाले, "पंधरा हजार द्या, नाहीतर गुगलवर आणि पुण्याच्या फेसबुक ग्रुपांवर टाकतो की हे लोक कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकतात." आंबा आमच्याच बागेतला आहे. हंगाम भरात आहे. यजमान म्हणतात, देऊन टाक आणि मिटव. दीर म्हणतात, पोलिसात जाऊ. दोन दिवस झाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय करू?
— एक बागायतदारीण, देवगड तालुका

उत्तर

ताई, उत्तर आजच पाठवा. यजमान म्हणतात तसं नाही आणि दीर म्हणतात तसंही नाही. त्या गिऱ्हाइकाच्या मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, नुकसान आणि धमकी. नुकसान खरं आहे, ते पूर्ण भरून द्यायचं. धमकीला पैसे नाहीत आणि रागही नाही. या दोन्हींची गाठ तुम्ही सोडवली नाही तर एक तर धमकीचे पैसे भराल, नाहीतर धमकीच्या रागात नुकसानीचे पैसेही अडवून ठेवाल. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते, आणि तिथेच खरा विक्रेता खोटा दिसायला लागतो.

आधी फळांकडे बघू. बाहेरून चांगलं आणि आतून पांढरट, म्हणजे बहुधा साका. फोटो मोठा करून पाहा. गर कोयीजवळ फिकट, स्पंजासारखा, मध्ये पोकळ्या पडलेला असेल आणि सालीवर डाग नसेल, तर साकाच. फळ एका बाजूने काळवंडलेलं, दबलेलं असेल, तर ते वाहतुकीतलं. देठाकडून काळं होत गेलं असेल, तर देठकूज. आणि फळ पिकलंच नाही, गर घट्ट आणि बेचव राहिला, सालीवर करडी छटा आली, तर कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं होतं का, हे विचारायला हवं. हापूस अढीत किंवा खोलीत पिकवून मगच थंड करायचा असतो, हे शहरात सगळ्यांना माहीत असतंच असं नाही. तुमच्या वर्णनावरून मात्र हा प्रश्न उद्भवत नाही.

साका कसा होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. फळ झाडावर जास्त पक्व झालं, आतली कोय रुजायच्या तयारीला लागली, की त्याचं प्रमाण वाढतं. मोठ्या, वजनदार फळांत तो जास्त दिसतो. तोडलेली फळं तापलेल्या कातळावर किंवा उघड्या जमिनीवर उन्हात पडून राहिली तरी वाढतो. म्हणून साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के पक्वतेला तोड करा आणि फळ लगेच सावलीत आणा, असा सल्ला दिला जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात दिली, तिचा एक मोठा गुण साका नसणं हाच आहे. पण पुण्याच्या माणसाला हापूसच हवा असतो, आणि हापूस म्हटलं की साका सोबत येतोच.

हे सगळं खरं असलं तरी गिऱ्हाइकाला ते बचाव म्हणून सांगू नका. "साका निसर्गाचा आहे, आमचा इलाज नाही" हे वाक्य मी कोकणातल्या कितीतरी विक्रेत्यांच्या उत्तरांत पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याने भांडण वाढलं आहे. माणसाने खाण्याजोग्या साठ फळांचे पैसे दिले आणि त्याला चव्वेचाळीसच मिळाली. उरलेल्या सोळांचा भार विकणाऱ्याने घ्यायचा. साका बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तुम्ही लबाड ठरत नाही. पण त्यामुळे देणं संपत नाही.

फोटोत नऊ दिसतात आणि ते सोळा म्हणतात. माझं मत, सोळा धरा. उरलेल्या सात फळांचा वाद साडेचारशे रुपयांच्या आसपासचा आहे, आणि तेवढ्यासाठी "आमच्यावर विश्वास नाही" हे वाक्य त्यांच्या हाती द्यायचं नाही. साठातली पन्नास फळं खराब निघाली असं म्हणून दोन फोटो पाठवले असते, तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा कापलेल्या सगळ्या फळांचा एकत्र फोटो, पेटीवरच्या चिठ्ठीसकट, नक्की मागावा.

आता नुकसान किती? तुमच्या बाजूने साधा हिशेब असा की 3,600 अधिक 300, म्हणजे 3,900 रुपयांना साठ फळं त्यांच्या दारात पोचली. एका फळाला 65 रुपये. सोळा फळांचे 1,040. बरेच विक्रेते इथे थांबतात, काही तर गाडीभाडं वगळून 960 देतात. पण त्यांना घरच्या कार्यासाठी ते आंबे हवे होते आणि त्यांनी खरोखर दुसरे विकत आणले. दीड डझनाचे 1,440, म्हणजे फळाला 80 रुपये. सोळा फळं त्या भावाने 1,280 रुपयांची होतात. हे 1,280 दिले की ते तुमच्याकडून साठही चांगली फळं मिळाली असती तिथेच येऊन उभे राहतात. म्हणून 1,040 आणि 1,280 असे दोन्ही नाही द्यायचे, मोठी रक्कम एकदाच द्यायची. गाडीभाड्याचा भागही वेगळा नको, कारण बाजारातल्या भावात आंबा पुण्यात पोचवण्याचा खर्च आलेलाच आहे. त्यांनी अठरा आणली होती, जास्तीची दोन त्यांनी स्वतःसाठी घेतली, ती धरायची नाहीत. बाजारात जाऊन यायच्या रिक्षाचे त्यांनी मागितले नसले तरी दोनशे रुपये धरा. झाले 1,480.

ही रक्कम तुम्ही कुणालाही, अगदी ग्राहक आयोगाच्या सदस्यांनाही, एकेक आकडा दाखवून समजावू शकता. तिची ताकद त्यातच आहे.

पंधरा हजारांचा असा हिशेब कुणाला मांडता येईल? त्यातले तेरा-साडेतेरा हजार कशाचे, हे त्यांनीही सांगितलेलं नाही. ते "मनस्तापाचे" म्हणतील. मनस्तापाची भरपाई ही काही हवेतली गोष्ट नाही, ग्राहक आयोग ती देतात. पण ती किती द्यायची हे आयोग दोन्ही बाजू ऐकून ठरवतो. त्यांना तो रस्ता मोकळा आहे, आणि तुम्ही स्वतःच तो त्यांना दाखवायचा, हे पुढे सांगते.

यजमानांचं म्हणणं मला कळतं. एप्रिल-मेच्या दीड महिन्यात वर्षाची कमाई होते, त्यात कोण भांडत बसणार? पण पंधरा हजार देऊन नेमकं काय मिळतं ते पाहा. पोस्ट न टाकण्याचं एक तोंडी वचन. गुगलवरचा अभिप्राय लिहिणारा केव्हाही लिहू शकतो, काढू शकतो, बदलू शकतो. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा मेसेज केला, तर तुमच्या हातात काय असेल? उलट त्यांच्या हातात तुमचं पैसे पाठवल्याचं चित्र असेल, आणि "आंबा खरा होता तर पंधरा हजार का दिले?" हा प्रश्न. ज्याच्या नुकसानीचे 1,480 होतात त्याला पंधरा हजार देणारा विक्रेता काहीतरी लपवतो आहे, असंच बघणाऱ्याला वाटेल.

दुसरं कारण गुगलच्या नियमांतलं आहे. वाईट अभिप्राय काढावा किंवा बदलावा म्हणून दुकानदाराने पैसे, सवलत किंवा फुकट माल देणं त्या नियमांत बसत नाही. "पैसे देते, पण पोस्ट टाकू नका" असं तुम्ही लिहिलंत, तर नियम मोडणाऱ्या तुम्ही ठरता, आणि तोच मेसेज ते लोकांपुढे ठेवू शकतात.

मधला मार्ग म्हणून पाच हजार द्यायचाही मोह होईल. तोही नको. पाच हजारांना 1,480 सारखा हिशेब नाही. एकदा बिनहिशेबाचा आकडा मान्य केला की मग तो आठ हजार का नाही, यावर घासाघीस सुरू होते.

मग दिरांचं काय? पोलिसांचं नाव आजच्या उत्तरात अजिबात नको. गिऱ्हाइकाला पैसे परत मागण्याचा हक्क आहे, स्वतःचा खरा अनुभव लिहिण्याचा हक्क आहे, जास्त पैसे मागायचाही आहे. सोळा फळं खराब निघाली हे खरं आहे, ते त्यांनी लिहिलं तर तो गुन्हा होत नाही. तुम्ही पहिल्याच उत्तरात कलमं काढलीत, तर वाचणाऱ्याला दिसेल ते असं की खराब आंबे पाठवले आणि वर पोलिसांची भीती घातली. धमकीतला खोटा भाग वेगळा आहे, "कर्नाटकचा आंबा" हा. त्याची गरज पडली तर पुढे येईल.

उत्तर व्हॉट्सॲपवर, एकाच मेसेजमध्ये, लेखी. फोनवर नाही. त्यांचा फोन आला तर, "मी सगळं लिहून पाठवलं आहे, तुम्हीही लिहूनच कळवा," एवढं बोलून आदराने ठेवा. फोनवर माणूस दबावाखाली आकडा बोलून जातो.

मी असं लिहिलं असतं :

> नमस्कार. तुमच्या घरच्या बारशाच्या वेळी आमच्या पेटीतली 16 फळं आतून खराब निघाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फोटो पाहिले. हा साका आहे. तो बाहेरून ओळखता येत नाही, पण फळं आम्ही विकली आहेत, त्यामुळे भरपाई आम्हीच द्यायची.
>
> तुम्ही पाठवलेल्या पावतीप्रमाणे बाजारात एका फळाला 80 रुपये पडले. 16 फळांचे 1,280 आणि जाण्यायेण्याचे 200, असे 1,480 रुपये तुम्ही ज्या खात्यावरून पैसे पाठवले होते त्याच खात्यावर आज पाठवत आहे. तुम्ही अभिप्राय काय लिहिता याच्याशी या पैशांचा संबंध नाही.
>
> याशिवाय काही खर्च झाला असेल तर त्याची पावती पाठवा, पाहून तीन दिवसांत कळवते. 15,000 रुपयांच्या मागणीला असा आधार दिसत नाही, म्हणून ती मला मान्य करता येत नाही.
>
> आंबा आमच्या स्वतःच्या बागेतला आहे. तोडणीची नोंद आणि पाठवणीची पावती दाखवायला तयार आहे. हे उत्तर पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिथे मी माझी बाजू मांडेन.

मेसेज गेला की त्याच तासाभरात पैसे पाठवा. त्यांनी नवीन क्रमांक किंवा क्यूआर कोड पाठवला तरी पैसे मूळ खात्यावरच जाऊ देत, आणि पाठवताना शेऱ्यात "16 आंबे भरपाई" असं लिहा. उद्या कुणी म्हणालं की तोंड बंद ठेवायला पैसे दिले, तर तो शेरा तुमच्या बाजूने बोलेल.

पैसे बिनशर्त द्यायचे, हे तुम्हाला खटकेल. ते 1,480 घेतील आणि तरी पोस्ट टाकतील, असं वाटेल. टाकू शकतात. पण तेव्हा पोस्टखाली तुम्ही लिहू शकाल की भरपाई अमुक तारखेला दिली आहे. अट घालून पैसे अडवले असते, तर हे वाक्य लिहिता आलं नसतं, आणि आयोगापुढे "देऊ केले होते पण गप्प बसले तर" असं सांगावं लागलं असतं.

ग्राहक आयोगाचा रस्ता स्वतःहून दाखवला म्हणून घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत पुण्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तुम्हाला त्रास होईल, हे खरं आहे. पण ज्या विक्रेत्याने पावतीप्रमाणे भरपाई आधीच दिली आहे, त्याच्याविरुद्ध 3,900 रुपयांच्या पेटीवरून प्रकरण चालवायला बहुतेक लोक जात नाहीत. गेले तरी तुमची फाईल तयार असेल. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून ही फाईल पुढचा हंगाम संपला तरी फेकू नका.

त्या फाईलमध्ये काय हवं? त्यांच्याशी झालेलं सगळं व्हॉट्सॲप बोलणं, चॅट एक्सपोर्ट करून आणि धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट वेगळे, क्रमांक आणि तारीख दिसतील असे. फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा, कारण पुराव्याच्या वेळी मूळ फोनला किंमत असते. तुमची वही, कोणत्या तारखेला कोणत्या कलमांची तोड झाली, किती पेट्या भरल्या. पार्सलची पावती. आणि हापूसच्या भौगोलिक मानांकनात तुमची नोंद असेल, तर ते प्रमाणपत्र. हे मानांकन ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला मिळालं आहे. फळावर कोडचं स्टिकर लावत असाल, तर त्या पेटीतले कोड लिहून ठेवा. "कर्नाटकचा आंबा" या आरोपाला उत्तर म्हणजे हीच कागदं. बाजारात भेसळ होते हे तुम्हाआम्हाला माहीत आहे, गिऱ्हाइकालाही माहीत आहे. म्हणूनच हा आरोप पटकन चिकटतो, आणि नुसतं "आम्ही तसे नाही" म्हणून तो निघत नाही.

पोस्ट आलीच तर? आधी नीट वाचा, त्यात खरं किती आणि खोटं किती. "16 आंबे खराब निघाले, फार निराशा झाली, एक तारा" एवढंच असेल, तर ते राहू द्या. खाली उत्तर लिहा की हे खरं आहे, अमुक तारखेला 1,480 रुपये दिले. शंभर चांगल्या अभिप्रायांत असा एक आणि त्याखाली असं उत्तर असेल, तर पुढचा गिऱ्हाईक ते उत्तरच वाचतो.

कर्नाटकाची गोष्ट असेल, तर उत्तर थोडं वेगळं :

> तुमच्या पेटीतली 16 फळं साक्याने खराब निघाली, हे खरं आहे. त्याचे 1,480 रुपये आम्ही तुम्हाला दिले आहेत. आंबा कर्नाटकातला असल्याचं लिहिलं आहे ते चुकीचं आहे. ही पेटी आमच्या देवगड तालुक्यातल्या बागेतली आहे, तोडणीची नोंद आणि पाठवणीची पावती आमच्याकडे आहे. कुणालाही बाग पाहायची असेल तर जरूर या.

यात पंधरा हजारांचा उल्लेख नको, त्यांचं नाव नको, चॅटचे फोटो तर मुळीच नकोत. ते उघड करण्याचा मोह फार होतो आणि नातेवाईकही आग्रह करतात. पण तिथून भांडण आंब्यावरून उठून माणसावर जातं, आणि मग त्यांचा फोन नंबर लोकांपुढे आणल्याची तक्रार तुमच्यावर येऊ शकते. तसंच घरच्यांना, ओळखीच्यांना सांगून एका दिवसात वीस पाच-ताऱ्यांचे अभिप्राय टाकायला लावू नका. जे पेटी घेतच नाहीत त्यांनी लिहिलेला अभिप्राय खोटाच असतो, आणि खोटेपणाचा आरोप आलेल्या दिवसात तो सापडला तर फार वाईट. ज्यांनी यंदा खरोखर पेटी घेतली आहे, त्यांना "कशी निघाली ते लिहा" असं सांगायला हरकत नाही, फक्त त्याबदल्यात काही देऊ नका.

गुगलला ती पोस्ट कळवा, पण आशा कमी ठेवा. दोघांच्या म्हणण्यात फरक आहे एवढ्यावर गुगल अभिप्राय काढत नाही, खरं कोण हे ते ठरवत बसत नाहीत. पैशांच्या मागणीचा मेसेज हातात असेल, तर तक्रारीत तो जोडा, त्याने फरक पडू शकतो. फेसबुक ग्रुपवर मात्र चालकांना वैयक्तिक, शांत मेसेज करून कागदं दाखवली, तर बरेचदा काम होतं.

आता कायदा कधी? त्यांनी 1,480 मिळाल्यावरही "बाकीचे द्या, नाहीतर कर्नाटकचं टाकतो" असं पुन्हा लिहिलं, किंवा खोटी पोस्ट टाकून ती काढायचे पैसे मागितले, तर. भारतीय न्याय संहितेच्या 308 व्या कलमात खंडणीची व्याख्या आहे आणि तिच्याखालचं पहिलंच उदाहरण असं आहे की, एखाद्याने दुसऱ्याची बदनामी करणारा मजकूर प्रसिद्ध करायची धमकी देऊन त्याच्याकडून पैसे काढले, तर ती खंडणी. पैसे दिले गेले नसले तरी खंडणीसाठी भीती घालणं हाही त्याच कलमात वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. खरं लिहिण्याची धमकी यात सहसा बसत नाही. खोटं लिहिण्याची आणि त्यावर पैसे मागण्याची बसू शकते. तुमच्या बाबतीत फरक पडतो तो या "कर्नाटक" शब्दामुळे, म्हणून तो मेसेज जपा. तक्रार करायची झाली तर देवगड पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, मेसेजच्या छापील प्रती, तुमचं उत्तर आणि 1,480 रुपये दिल्याची नोंद जोडा. अर्जाची पोच घ्या.

ठाणे अंमलदार "हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा" असं म्हणण्याची शक्यता आहे, आणि पहिला भाग, म्हणजे खराब आंब्यांचा, तर खरोखरच तसा आहे. तुम्ही तो भाग पैसे देऊन आधीच मिटवला असल्यामुळे अर्जात फक्त दुसराच उरतो. बदनामीचं कलम 356 वेगळं आहे. त्यात पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, दंडाधिकाऱ्यांपुढे तुम्हालाच तक्रार करावी लागते, आणि सत्य लोकहितासाठी सांगितलं तर ती बदनामी होत नाही. एका पोस्टसाठी त्या वाटेने जावं असं मी हंगामात तरी सांगणार नाही. वकिलाकडून एक साधी नोटीस, तीही खोटी पोस्ट प्रत्यक्ष आल्यावर, बहुतेक वेळा पुरते.

या सगळ्यात एक शक्यता विसरू नका. तुमचं उत्तर वाचून ते शांत होतील. कार्याच्या दिवशी पाहुण्यांपुढे खराब आंबे कापले गेले की माणूस रागाने मोठा आकडा बोलतो. दोन दिवस तुमच्याकडून उत्तर नाही, याने तो राग वाढलाही असेल. म्हणून तुमच्या मेसेजची भाषा शेवटपर्यंत अशी असू दे की त्यांना मागे यायला जागा राहील. त्यांनी पावती पाठवून आणखी दोनशे-तीनशेचा खरा खर्च दाखवला, तर तोही देऊन टाका.

आणि राहिलेल्या पेट्यांसाठी एक काम याच आठवड्यात करा. प्रत्येक पेटीत पेंढ्यावर एक छापील चिठ्ठी ठेवा. पेटी मिळाल्यावर आंबे बाहेर काढून हवेशीर ठेवा, कच्चे फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि कोणतंही फळ साक्याने किंवा दुसऱ्या कारणाने आतून खराब निघालं, तर कापलेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, त्या फळाचे पैसे गाडीभाड्यासकट परत मिळतील. फळाचा भाव आकड्यात लिहा, तुमच्या यंदाच्या पेटीला तो 65 रुपये आहे. त्याखाली तुमचा फोन नंबर, आणि फोन कोण उचलतं त्यांचं नाव.